रकाना कोरा ठेवायचा नाही

दिग्रसच्या बसस्थानकासमोर एका गाळ्याचे दोन केलेले आहेत. अर्ध्यात माझं ब्युटी पार्लर, अर्ध्यात बबनरावांचं वधू-वर सूचक केंद्र. मध्ये प्लायवूडची भिंत आहे, म्हणजे नावाला आहे. मी इकडे कुणाच्या भुवया कोरत असते तेव्हा तिकडे कुणाच्या मुलाचा पगार विचारला जातोय ते मला स्पष्ट ऐकू येतं. माझ्या गिऱ्हाइकांची गुपितंही बबनरावांना ऐकू येत असणारच. आम्ही दोघंही काही ऐकू येत नाही असं दाखवतो. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

बबनराव एस.टी.त कंडक्टर होते. माणूस निवृत्त झाला, कंडक्टर काही झाला नाही. खाकी गेली, पण कानावरचा पेन तसाच राहिला. केंद्रात चार माणसं जमली की अजून त्यांच्या तोंडून निघतं, "सरका जी पुढं, जागा हाय." लग्न जमलं की टेबलावर दोनदा टिचकी मारतात आणि म्हणतात, "डबल बेल!" म्हणजे गाडी सुटली. पुढे गाडी कुठे आपटते ते ड्रायव्हरने पाहावं, अशी त्यांची कामाची विभागणी.

त्यांचे नियम दोन. पहिला, रकाना कोरा ठेवायचा नाही. एस.टी.त तपासणी पथक गाडीत चढलं की आधी वेबिल मागतं, म्हणजे कंडक्टर ज्यात प्रवाशांचा हिशेब लिहितो तो कागद. त्यात एखादा रकाना कोरा दिसला की कंडक्टरची खैर नसते. बबनरावांनी उभी नोकरी या धास्तीत काढली आणि निवृत्त होताना ती धास्ती घरी घेऊन आले. त्यांच्या घरच्या किराण्याच्या यादीतसुद्धा 'साखर' पुढे काही नको असेल तर 'निरंक' लिहिलेलं असतं. दुसरा नियम ते येणाऱ्या प्रत्येक आईबापाला छातीवर हात ठेवून सांगतात. "पोरीले विचारल्याशिवाय मी लग्न जमवत नाही. आपल्या केंद्राचं तत्त्व हाय थे." विचारतात, हे खरं आहे. मी भिंतीच्या अलीकडून ऐकलेलं आहे. "काय बाई, पाह्यलं पोरगं?" असं विचारतात. पोरगी काहीतरी बोलते. मग दोन टिचक्या.

या केंद्राची पहिली गिऱ्हाईक त्यांची स्वतःची मुलगी वैष्णवी. ग्राहक क्रमांक एक. केळापूरच्या वामनरावांचा मोठा मुलगा ओम, त्याचंही नाव केंद्रातच, तिला पाहून गेला, जमलं, आणि तेव्हापासून ते लग्न म्हणजे बबनरावांची जाहिरात झाली. दारातल्या फलकावर तिचा आणि ओमचा हार घातलेला फोटो आहे. त्या फोटोसाठी मेकअप मीच केला होता. पोरगी आरशासमोर बसली तेव्हापासून उठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नवऱ्या गप्पच असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आधी सगळा कारभार वहीत होता. मग बबनरावांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. मानोऱ्याकडच्या तांड्यातला इंद्रजीत पुण्यात इंजिनिअर होऊन आला होता आणि यवतमाळात लोकांना सॉफ्टवेअर करून देत होता. त्याने केंद्रासाठी एक प्रोग्राम लिहिला. मुलामुलींची माहिती त्यात भरायची. दर रविवारी तो प्रोग्राम आपला आपणच समाज, वय, शिक्षण, गुण जुळवून बघायचा आणि ज्याला जी स्थळं योग्य, ती त्याच्या मोबाइलवर फोटोसकट पाठवायचा. ज्याचं लग्न जमलं त्याचं नाव यादीतून जावं म्हणून एक चौकट होती, 'सक्रिय'. टिकमार्क केला तर माणूस चालू. टिकमार्क काढला तर चौकट रिकामी, माणूस यादीतून बाहेर. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. वाकडं काही होत नव्हतं, म्हणून बबनरावांना चैन पडेना.

एके दिवशी ते संगीताच्या मागे उभे राहिले. संगीता म्हणजे त्यांची ऑपरेटर, हुशार पोरगी, दुपारी माझ्याकडे चहाला येते. पडद्यावर लग्न झालेल्यांची नावं होती आणि प्रत्येकापुढे रिकामी चौकट.

"हे काय करून राह्यली तू? सगळं कोरं?"

"काका, लग्न झालं त्यांचं. म्हणून कोरं."

"कोरं म्हणजे काय कळन कोणाले? लग्न झालं म्हणून कोरं, का तू भरलं नाही म्हणून कोरं?"

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रश्न वाईट नव्हता. पण बबनरावांना उत्तर नको होतं, रकाना भरलेला हवा होता. त्यांनी इंद्रजीतला फोन लावला. टिकमार्क नको, तो शाळेतल्या मास्तरसारखा दिसतो. तिथे चांगलं मराठीत लिहिता आलं पाहिजे, 'होय' किंवा 'नाही'. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. इंद्रजीतने हुज्जत घातली नाही. यवतमाळहून बसल्या जागी त्याने चौकट बदलून तिथे अक्षरं लिहायचा रकाना केला. 'होय' लिहून पाहिलं, नाव यादीत आलं, झालं काम. 'नाही' लिहून पाहायचं त्याला सुचलं नाही. आपल्याकडे कुणालाच सुचत नाही, त्यात त्या एकट्याला काय बोल लावायचा.

मग तीन-चार दुपारी बबनराव शेजारी खुर्ची टाकून बसले आणि संगीताकडून एकूण एक कोरा रकाना भरून घेतला. लग्न झालं, 'नाही'. लग्न झालं, 'नाही'. एक विधुर गृहस्थ नोंदणी करून नंतर वारले होते, त्यांच्याही पुढे 'नाही'. वैष्णवीच्या पुढे 'नाही' लिहून झालं तेव्हा बबनरावांनी मला हाक मारून दाखवलं. "पाहा कोकिळाताई, आता कसं वेबिल दिसून राह्यलं!"

पुढच्या रविवारी सक्रिय ग्राहकांची यादी निघाली ती आधीच्या चौपट.

मी त्या सकाळी पार्लर उघडत होते. बबनराव हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. चेहरा असा की यांची बढती झाली. मुलं तर त्यांच्याकडे पोत्याने होती, कमतरता होती मुलींची. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, आणि जी आहे तिला नोकरीवाला हवा, तोही शहरातला. त्यामुळे मुलींची यादी दोन पानांवर जात नसे आणि मुलांचे बाप ती उलटीपालटी करून बघत, मागे काही छापलंय का म्हणून. आता ती यादी जाडजूड झाली होती. बबनरावांनी कारण शोधून ठेवलं होतं. त्यांनी नुकतीच वास्तुशास्त्र बघून केंद्राच्या दाराची दिशा बदलली होती.

संगीता दुपारी चहाला आली ती तोंड पाडून. म्हणाली, "ताई, यादीत 'नाही' लिहिलेल्या पोरी पण येऊन राह्यल्या. मी काकाले दाखवलं."

"मग?"

"म्हणाले, यादी कोण बनवते? कंप्यूटर. तुले कंप्यूटरपेक्षा जास्त कळते का?"

मी भिंतीकडे बघून जरा मोठ्याने म्हटलं, "लग्न झालेल्या पोरींची स्थळं दाखवायची म्हणजे कमालच आहे बाई." पलीकडून खोकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. दारव्ह्याच्या एका बापाने मुलीच्या घरी फोन केला तर तिच्या नवऱ्याने उचलला. एक मुलगा बायोडाटा बघून पुसदला गेला तर मुलीच्या कडेवर मूल. वारलेल्या विधुर गृहस्थांच्या मोबाइलवर तीन स्थळं गेली, त्यांच्या मुलाने फोन करून बबनरावांच्या सात पिढ्या काढल्या. बबनराव प्रत्येकाला एकच सांगत, "चुकून गेलं असन जी." आणि फोन ठेवून बाहेर रंगाऱ्याला सांगत, की फलकावर 'भरपूर मुली' जरा मोठ्या अक्षरात काढ. त्यांना कळत नव्हतं असं नाही. मला तरी तसं वाटत नाही. मुलींची जाड यादी बघून मुलांचे बाप नोंदणीला रांग लावत होते, आणि भरलेली गाडी कोणता कंडक्टर रिकामी करतो? दुसऱ्यांच्या संसारात खळबळ उडत होती, पण ती बबनरावांच्या कानी फोनवरूनच येत होती.

माझा मात्र संताप होत होता. मुलीचं लग्न लागलं तरी तिचं नाव बाजारातून उठत नाही, हे बघून डोकं फिरतं. पण माझं ऐकतो कोण? मी तर भुवया कोरणारी.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. हंगाम जोरात होता. त्या मंगळवारी सकाळी केंद्रासमोर एक पांढरी गाडी थांबली आणि त्यातून वामनराव उतरले. केळापूरचे, वैष्णवीचे सासरे. धोतर नाही, पँटच घालतात, पण चाल धोतरवाल्याची. मागून ओम उतरला. मग वैष्णवी. ओमने डिकी उघडून तिची बॅग काढली आणि फुटपाथवर ठेवली, तिच्याच लग्नातल्या फोटोच्या खाली.

बबनराव हसत बाहेर आले होते. बॅग बघितली आणि हसू तिथेच आटलं.

वामनराव मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते. त्या दिवशीही नाही. आत जाऊन खुर्चीवर बसले, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाचा."

तो मोबाइल त्यांच्या धाकट्या मुलाचा, पियुषचा होता. पियुषची नोंदणी केंद्रातच होती, खरोखरची, कारण त्याचं लग्न व्हायचं होतं. रविवारी त्याला निरोप आला होता. 'आपणास योग्य स्थळ. गुण एकतीस. नोंद नुकतीच ताजी केली आहे.' खाली फोटो. मी केलेल्या मेकअपमधला. वहिनीचा.

"एवढ्यानं भागलं नाही," वामनराव म्हणाले. "ओमच्याबी फोनवर पोरीयच्या फोटोची माळ येऊन राह्यली. ही त्याले म्हणते, तू परत नाव काहून घातलं? हा हिले म्हणते, तूनंच आधी घातलं. पंधरा दिवस झाले, घरात भांड्याले भांडं लागून राह्यलं. मी म्हणलं, दोघायच्याबी नोंदी ताज्या केल्या असं तुमचं केंद्र सांगते. म्हणजे कोणीतरी येऊन केल्या. माह्या पोरानं तर नाही केल्या."

उरली कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर बॅग होती.

बबनरावांनी "चुकून गेलं असन जी" हे वाक्य उच्चारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी तोपर्यंत भिंतीचं नाटक सोडून त्यांच्या दारात येऊन उभी राहिले होते. माझी गिऱ्हाईक एका भुवईवर बसून होती, बसू दे.

"ताजी कशी झाली, मी सांगते," संगीता आतून म्हणाली. "काकांनी सगळ्यांच्या रकान्यात 'नाही' भराले लावलं. नोंदीत काहीबी लिहिलं की त्या दिवसाची तारीख पडते. मीच लिहिलं. वैष्णवीताई इथं आल्याच नाही."

वामनरावांनी तिच्याकडे आणि मग बबनरावांकडे पाहिलं. "'नाही' लिहिलं, मंग यादीत काहून?"

बबनरावांनी इंद्रजीतला फोन लावला आणि असे ओरडले की त्याला फोनची गरज नव्हती. तो नेमका दिग्रसमध्येच एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं काम करत होता. मोटरसायकलवर आला, कपाळावर घाम, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तोवर वैष्णवी दाराशी स्टुलावर बसून होती. तिला पाणीही मीच दिलं. सगळे तिच्याबद्दल बोलत होते, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

इंद्रजीतने पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. सक्रिय ग्राहकांची यादी काढली. पहिलंच नाव वैष्णवीचं, आणि समोरच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'नाही'.

"सक्रिय नाही, असं इथं लिहिलं हाय," वामनराव म्हणाले, "अन् वर लिहिलं हाय सक्रियची यादी."

इंद्रजीतने कीबोर्ड पुढे ओढला. मग त्याने 'नाही' खोडून तिथे 'होय' लिहिलं. नाव यादीत. पुन्हा 'नाही' लिहिलं. नाव यादीत. मग त्याने कपाळावर हात मारला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'भेंडीची भाजी'. यादी पुन्हा काढली. वैष्णवी यादीत होतीच, समोर भेंडीची भाजी. मला हसू फुटलं, ओमलाही फुटलं. बबनराव मात्र पडद्याकडे तपासणी पथकाकडे बघावं तसे बघत होते.

शेवटी इंद्रजीतने रकाना पूर्ण रिकामा केला आणि यादी काढली. वैष्णवी गेली. दोन नंबरचं नाव वर सरकलं.

"कोरं?" बबनराव कळवळून म्हणाले. "कोरं ठेवायचं?"

"काका, आधी टिकमार्क होता," इंद्रजीत म्हणाला. "टिकमार्क केला तर रकान्यात काहीतरी असे, नाही केला तर रिकामा. म्हणून मी प्रोग्रामले एवढंच तपासाले सांगतलं होतं, की रकान्यात काही हाय का. असन तर सक्रिय. तुम्ही टिकमार्क काढून शब्द मागतले. मी रकाना बदलला, पण ते तपासणं बदलाले विसरलो. आता तो काय लिहिलं ते वाचतच नाही. काहीतरी लिहिलं हाय एवढं पाहते, अन् होय समजते. 'नाही' म्हणजेबी काहीतरीच ना."

"मंग पुण्यात काय शिकवलं तुले?" बबनराव उसळले. सगळं खापर फोडायला डोकं सापडलं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"चूक माही हाय," इंद्रजीत म्हणाला. "पण इतके दिवस यादीत 'नाही' दिसून राह्यलं होतं, तर मले सांगतलं काहून नाही?"

यावर बबनरावांनी कानावरचा पेन काढला, पाहिला आणि परत कानावर ठेवला. संगीता छताकडे बघत होती. मी बबनरावांकडेच बघत होते, टक लावून, आणि त्यांना ते कळत होतं.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. इंद्रजीतने अक्षरांचा रकाना काढून टाकला आणि खरी हो-नाहीची निवड ठेवली, दोनच पर्याय, तिसरं काही लिहिताच येणार नाही अशी. जुने 'होय' आणि 'नाही' नीट वाचून त्या निवडीत घातले. ज्या नावांच्या रकान्यात शब्दाच्या पुढे-मागे मोकळी जागा सुटली होती किंवा भलतंच काही होतं, ती नावं वेगळी काढून संगीताला तपासायला दिली. वैष्णवीच्या रिकाम्या रकान्यात 'नाही' स्वतः घातलं. मग यादी काढली. मुलींची यादी पुन्हा दीड पानावर आली. इंद्रजीतने एकदा 'होय' निवडून पाहिलं, आणि या खेपेला 'नाही' निवडूनही पाहिलं.

वामनराव भला माणूस निघाला. त्यांनी टेबलावर हात टेकला आणि खो खो हसले. "च्यायला, माहीच सून माह्याच पोराले! घरी सांगतलं तर कोणी पतियाणार नाही." मग उठले. "झालं मंग. गैरसमज होता. ओम, बॅग ठेव गाडीत. चल पोरी."

बबनरावांचा चेहरा उजळला. मुलगी परत आली नाही, जाहिरात खाली उतरवावी लागली नाही. तेवढ्यात चहा आला, सगळ्यांनी उभ्याउभ्या घेतला. ओमने बॅग उचलून डिकीत टाकली. बबनराव गाडीपर्यंत गेले आणि सवयीने हात टपाकडे नेला, डबल बेल द्यायला.

वैष्णवी अजून स्टुलावरच होती.

"चाल वो, बस," बबनराव म्हणाले. "मिटलं ना सगळं."

"मले कोणी विचारलं?" वैष्णवी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. मला तर आधी कळलंच नाही कोण बोललं, इतका वेळ ती गप्प होती.

"तुले काय विचाराचं त्याच्यात?" बबनराव गोंधळून म्हणाले. "आपलं घर हाय, आपला माणूस हाय. अन् आपल्याकडं काय, न विचारता कधी काही झालं का? लग्नाच्या वेळी विचारलं का नाही तुले मी? आतल्या त्या खुर्चीवर बसून विचारलं. साऱ्या दिग्रसले माहीत हाय, पोरीले विचारल्याशिवाय मी…"

"विचारलं होतं," ती म्हणाली.

"मंग!"

"मी नाही म्हणलं होतं, बाबा."

बबनरावांचा उचललेला हात टपावर टेकला.

"यवतमाळले नर्सिंगले नंबर लागला होता माहा. तुम्ही विचारलं, काय बाई, पाह्यलं पोरगं? मी म्हणलं, पोरगं वाईट नाही, पण आत्ता नाही. दोन वर्षं नाही. तुम्ही आयकलं. अन् बाहीर जाऊन सांगतलं, पोरगी बोलली. टेबलावर दोनदा वाजवलं." ती थांबली. मग पडद्याकडे बोट केलं. "त्या पोराच्या प्रोग्रामवर कायले चिडता? तुमच्यापासूनच शिकला असन तो."

रस्त्यावरून पुसदची एस.टी. गेली. संगीता रडत होती. माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीचा आरसा आला आणि त्यातली गप्प पोरगी. मी तिला नवरी समजून रंगवलं होतं. मला बबनरावांचा राग आला, आणि त्या दोन टिचक्यांचा तर इतका की ते टेबल उचलून रस्त्यावर फेकावं. भिंतीच्या अलीकडून मी अशा किती टिचक्या ऐकल्या असतील.

ओम डिकीशी उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणीही सांगितलं असतं. तो म्हणाला, "मले सांगतलं काहून नाही?"

"लग्नाआधी तुह्याशी बोलाले बसवलं होतं का कोणी मले?" ती म्हणाली. त्यात त्याच्यावर राग नव्हता, त्यामुळे त्याला ते जास्त लागलं असावं.

बबनराव गाडीपाशी उभे होते. हात अजून टपावर होता. मी त्यांना ओळखते. त्यांच्या जिभेवर दहा वाक्यं आली असतील, तुझ्या भल्यासाठीच, एवढं चांगलं घर, सगळ्यांच्या मुली असंच म्हणतात. त्यातलं एकही निघालं नाही. टपावर त्यांनी एकच थाप मारली. एस.टी.त एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ओमने इंजीन चालू केलंही नव्हतं, तरी वामनराव चढता चढता थांबले.

मग बबनराव दाराशी आले, मुलीसमोर उभे राहिले आणि कानावरचा पेन काढून खिशात ठेवला.

"आता काय म्हणते तू?" त्यांनी विचारलं. आणि थांबले. उत्तर येईपर्यंत थांबले, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

"आज नाही येत मी," वैष्णवी म्हणाली. "यवतमाळले जाऊन कॉलेजात विचारते. मंग ओमले फोन करते. तो काय म्हणते ते आयकते, मी काय म्हणते ते त्यानं आयकावं."

वामनराव काहीतरी बोलायला गेले. ओमने बापाच्या दंडाला हात लावला. मग तो डिकीकडे वळला, पण बबनराव त्याच्या आधी पोचले होते. त्यांनीच बॅग बाहेर काढली. जड होती, गुडघा दुखतो त्यांचा, वाकून दोन्ही हातांनी उचलली आणि फोटोखाली न ठेवता सरळ आत घेऊन गेले.